'टू हिज कॉय मिस्ट्रेस': जर, पण आणि म्हणून
'आजचा दिवस हातचा जाऊ देऊ नकोस' असं प्रेयसीला विनवणाऱ्या कवितांमध्ये अँड्र्यू मार्वेलची ही 46 ओळींची इंग्रजी कविता सर्वांत जास्त अभ्यासली गेली असावी. ती बहुधा 1650 च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिली गेली; छापली गेली ती 1681 मध्ये, कवी वारल्यानंतर तीन वर्षांनी.

या परंपरेचं 'कार्पे डिएम' हे नाव एका रोमन कवीच्या ओळीवरून पडलं. या कवितेतल्या युक्तिवादाचं मूळ मात्र त्याहून जुनं आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एका छोट्या ग्रीक कवितेत प्रियकर म्हणतो, कौमार्य जपून तुला काय मिळणार? पाताळात प्रियकर भेटत नाहीत. तिथे आपण दोघंही हाडं आणि राख होऊन पडणार. थडग्याची भीती घालून होकार मिळवण्याची युक्ती तेव्हापासूनची. 1648 मध्ये छापलेल्या, गुलाबकळ्या वेळीच खुडा असं सांगणाऱ्या प्रसिद्ध इंग्रजी कवितेत ही भीती बरीच सौम्य होते. ती सगळ्या तरुणींना उद्देशून आहे आणि लग्न करा असं सांगते. बोलणाऱ्याला स्वतःला त्यातून काही मिळवायचं नसतं. मार्वेलच्या कवितेत ते आहे, आणि म्हणूनच इतकी आखणी आहे.

पहिल्या 20 ओळी स्तुतीच्या. आपल्याकडे हवा तेवढा अवकाश आणि वेळ असता, तर तुझा हा संकोच गुन्हा ठरला नसता, असं तो म्हणतो. तू गंगेकाठी माणकं वेचली असतीस, मी इंग्लंडमधल्या हंबर नदीकाठी विरहगीतं गायलो असतो. डोळे आणि कपाळ यांना शंभर वर्षं, प्रत्येक स्तनाला दोनशे, उरलेल्या देहाला तीस हजार. हृदयाची पाळी अगदी शेवटच्या युगात. बेरीज केली तर साडेतीस हजार वर्षं होतात. प्रत्येक आकडा स्तुती वाढवतो आणि त्याच वेळी तिचं थांबायला सांगणं हास्यास्पद करून टाकतो. तुझी योग्यता एवढीच मोठी आहे, हेही तो वर सांगतो, म्हणजे तिला राग धरायलाही जागा उरत नाही.

मग 'पण' येतो. काळाचा पंख असलेला रथ पाठीशी ऐकू येतो, आणि त्याने निवडलेली पाठ स्वतःची आहे. धमकी आधी स्वतःवर घेतल्यामुळे ती धमकी वाटत नाही. लगेच मात्र सगळं तिच्यावर येतं: संगमरवरी थडगं, तिथे न पोचणारं त्याचं गाणं, जपलेल्या कौमार्याला भिडणाऱ्या अळ्या. पहिल्या भागातली स्तुतीच इथे हिरावून घेण्याची वस्तू होते.

तिसरा भाग 'म्हणून' ने सुरू होतो, आणि खरा वाद इथे आहे. 1921 मधल्या एका गाजलेल्या निबंधाने या तीन भागांत तर्कशास्त्रातल्या अनुमानासारखं नातं असल्याचं म्हटलं. पुढे टीकाकारांनी ते अनुमान तपासलं, तर ते चुकीचं निघालं. वेळ असता तर संकोच गुन्हा नव्हता, वेळ नाही, म्हणून संकोच गुन्हा आहे. हा पूर्वांग, म्हणजे 'जर'चा भाग, नाकारून उत्तरांग, म्हणजे 'तर'चा भाग, नाकारण्याचा दोष. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं, पण पाऊस पडला नाही म्हणून अंगण कोरडंच असेल असं नाही. कोणीतरी पाणी शिंपडलेलं असू शकतं. तसंच वेळ कमी असूनही नकार देण्याची तिची कारणं असू शकतात. अब्रू हे एक कारण कवितेतच येतं, आणि ती मातीत मिळणार एवढं बोलून तो पुढे सरकतो.

बचाव करणारे म्हणतात, त्या 'जर' मध्ये 'फक्त तेव्हाच' अध्याहृत आहे. मला हा बचाव पटत नाही. कवी केंब्रिजमध्ये शिकलेला. तर्कशास्त्र तिथल्या अभ्यासक्रमात पक्कं होतं आणि हा दोष त्याला नक्की ओळखता आला असता. शिवाय 'गुन्हा' हा शब्द तिसऱ्या भागात परत येतच नाही. निष्कर्षाच्या जागी येते हाक: आत्ता, अजून तारुण्य आहे तोवर, शिकारी पक्ष्यांसारखे आपणच काळाला गिळू. 'आत्ता' हा शब्द थोड्याच ओळींत तीनदा येतो. 'तू' आणि 'मी' मागे पडून 'आपण' पुढे येतो, आणि तिने होकार दिलाच आहे असं धरून वाक्यं धावू लागतात. तर्काची फट या वेगाने बुजवली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी वाचनांनी वादाचा रोख बदलला. अनुमान बरोबर की चूक यापेक्षा अळ्यांची ती ओळ तिने कशी ऐकली असेल, हा प्रश्न पुढे आला. कवितेत ती एकदाही बोलत नाही. तिची बाजू आपल्याला कळते ती फक्त तो जे खोडून काढतो त्यावरून: संकोच, अब्रू, आणि थांबायला लावण्याचा तिचा हक्क. शेवटी तो स्वतःच कबूल करतो की सूर्याला थांबवणं आपल्या हाती नाही, त्याला पळायला लावणं तेवढं आहे. म्हणजे वेळ कमी असल्याची जी तक्रार घेऊन तो आला होता, तिच्यावर त्याचा उपाय वेळ आणखी लवकर संपवण्याचा आहे.