हजेरी कमी-जास्त, घरखर्च मात्र ठरलेला

रोजंदारीवर काम करणाऱ्याला बजेट जमत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बहुतेक बजेट महिन्याचा पगार धरून आखलेली असतात आणि इथे पगारच नसतो. म्हणून पहिलं काम म्हणजे पगार तयार करणं. मिळालेली सगळी मजुरी खात्यात टाकायची आणि दर आठवड्याला ठरलेली तेवढीच रक्कम बाहेर काढायची. मिळकत कमी-जास्त झाली, तर तो धक्का खातं सोसतं. घरापर्यंत तो येत नाही.

ती रक्कम किती असावी? हिशेब सोपा राहावा म्हणून पैशांऐवजी हजेऱ्या मोजू. समजा, आठ आठवड्यांत एखाद्याच्या हजेऱ्या अशा भरल्या: ६, ४, ५, २, ०, ३, ६, ६. एकूण ३२, म्हणजे सरासरी आठवड्याला ४. मग दर आठवड्याला ४ हजेऱ्यांचे पैसे काढले तर? पहिल्या तीन आठवड्यांत खात्यात ३ हजेऱ्या शिल्लक पडतात. पुढच्या तीन आठवड्यांत ७ कमी पडतात, म्हणजे खातं शून्याखाली ४ हजेऱ्यांपर्यंत जातं. सुरुवातीला तेवढी गंगाजळी असेल तर निभावतं.

आता हेच आठवडे वेगळ्या क्रमाने आले असं धरा, वाईट आधी: २, ०, ३, ४, ५, ६, ६, ६. मिळकत तीच, सरासरी तीच, पण तिसऱ्या आठवड्याअखेर तूट ७ हजेऱ्यांवर जाते. म्हणजे गंगाजळी किती लागेल, हे सरासरीवरून कळत नाही. वाईट आठवडे एकापाठोपाठ किती येतात, त्यावर ते ठरतं.

यात आणखी एक गोम आहे. काढायची रक्कम बरोबर सरासरीइतकी ठेवली, तर शिल्लक भरकटत राहते. गणितात याला यादृच्छिक चाल म्हणतात. अशी चाल काळाबरोबर सुरुवातीच्या जागेपासून दूर जाते, आणि तिला परत वर ओढणारं काहीच नसतं. त्यामुळे गंगाजळी कितीही मोठी असली तरी कधी ना कधी संपतेच. उपाय साधा आहे: पगार सरासरीपेक्षा थोडा कमी ठेवायचा. वरच्याच उदाहरणात ४ ऐवजी साडेतीन हजेऱ्या काढल्या, तर पहिल्या क्रमात सर्वांत खोल खड्डा ४ वरून १ वर येतो आणि आठ आठवड्यांनी खात्यात ४ हजेऱ्यांची भर पडते. वाईट क्रमातही खड्डा ७ ऐवजी साडेपाच. मला विचाराल तर या सगळ्या पद्धतीचा जीव या अर्ध्या हजेरीत आहे.

काढलेले साडेतीन त्याच दिवशी पाकिटांत वाटायचे. समजा, जेवणखाणाला २, भाड्याला पाऊण, प्रवासाला पाव, औषध आणि किरकोळ खर्चाला अर्धी. महिन्याचं भाडं ३ हजेऱ्यांचं असेल तर चारने भागून पाऊण येते. पण तीन महिन्यांत बारा नव्हे, तेरा आठवडे असतात. म्हणून दर तीन महिन्यांनी त्या पाकिटात एका आठवड्याची पाऊण हजेरी जास्तीची उरते. ती घरदुरुस्तीला ठेवावी.

पाकिटांचा परिणाम संशोधनातही दिसला आहे. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातील बांधकाम मजुरांसोबत केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बचतीची रक्कम एका बंद पाकिटाऐवजी दोन पाकिटांत विभागून दिली तेव्हा मजुरांकडे जास्त बचत टिकली. पाकिटावर मुलांचं छायाचित्र असलं की आणखी टिकली. एक पाकीट फोडलं तरी दुसरं फोडताना माणूस पुन्हा थांबतो, विचार करतो.

पद्धत बिघडतेय हे कसं ओळखायचं? एखादं पाकीट सलग तीन आठवडे मध्येच रिकामं होत असेल, तर बहुधा त्याची रक्कम चुकीची ठरली आहे. दुसऱ्या पाकिटातून उसनं घेत बसण्यापेक्षा वाटणी बदलावी. खात्यातली शिल्लक दोन आठवड्यांच्या पगाराखाली, म्हणजे ७ हजेऱ्यांखाली गेली, की पगार ३ वर आणायचा आणि शिल्लक पुन्हा वर गेली की साडेतीनवर न्यायचा. हा नियम आधीच ठरवून ठेवावा, कारण काम नसलेल्या आठवड्यात शांतपणे ठरवणं कठीण जातं. खातं मात्र किमान शिल्लक न मागणारं हवं, नाहीतर खड्ड्याच्या आठवड्यातच दंड कापला जातो.

डोक्यावर चढ्या व्याजाचं कर्ज असेल, तर आधी एका आठवड्याच्या पगाराएवढी गंगाजळी करावी आणि मग ती अर्धी हजेरी कर्जाकडे वळवावी. आणि गरजेचा खर्चच सरासरी मिळकतीपेक्षा जास्त असेल, तर पाकिटं ती तूट भरून काढू शकत नाहीत. पण दर आठवड्याला किती कमी पडतंय, तो नेमका आकडा त्यांतून हाती येतो. जास्त मजुरी मागताना किंवा स्वस्त भाड्याचं घर शोधताना तोच आकडा लागतो.