५००० ने का भागायचं? कुरिअरच्या ‘व्हॉल्यूमेट्रिक’ वजनामागचा इतिहास, आणि बिल तपासायची रीत

वजनकाट्यावर ३.८ किलो भरलेला खोका बिलात ८ किलोचा होतो, तेव्हा पाठवणारा कुरिअरवाल्याला सांगतो, “काटा बघा ना.” काटा बरोबरच असतो, फक्त बिल काट्यावर केलेलं नसतं. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा, त्याला एका ठरीव आकड्याने भागायचं, आणि जे येईल ते खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे लावायचे, अशी ही ‘व्हॉल्यूमेट्रिक’ म्हणजे आकाराच्या वजनाची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय कुरिअरमध्ये हा भाजक बहुधा ५००० असतो. पण तो ५०००च का, हे समजलं की बिलात नेमकं कशावर बोट ठेवायचं तेही कळतं.

जागेचे पैसे घेणं ही कुरिअर कंपन्यांची कल्पना नाही. जहाजाची मालखोली कापसाच्या गासड्यांनी भरते तेव्हा जहाज अजून बरंच वजन पेलू शकत असतं. म्हणून सागरी वाहतुकीत भाडं ‘वजन किंवा माप, जे जास्त ते’ या तत्त्वावर लागत आलं आहे. तिथे एक घनमीटर माल म्हणजे एक टन असं धरतात. किलोच्या हिशेबात हा भाजक १००० होतो, म्हणजे कुरिअरपेक्षा कितीतरी कडक. पण जहाजाचा प्रतिटन दरही त्या मानाने फार कमी असतो, त्यामुळे नुसते भाजक शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

विमानाचं गणित वेगळं. तिथे वजन आणि जागा दोन्ही महाग. हवाई मालवाहतुकीत आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचा ६००० हा भाजक रूढ झाला. त्याचा अर्थ असा की दर ६००० घनसेंटिमीटरला एक किलो धरायचा, म्हणजे घनमीटरला सुमारे १६७ किलो. माल याहून दाट असेल तर काट्यावरचं वजन लागतं, विरळ असेल तर आकाराचं. भाजक म्हणजे एवढंच: मालाची घनता किती असावी याबद्दल वाहतूकदाराने धरलेलं एक गृहीतक. ५००० धरला की अपेक्षित घनता २०० किलो होते. भाजक जितका लहान तितकी अपेक्षा जास्त आणि पाठवणाऱ्याचं बिल मोठं.

हे गृहीतक कसं सरकत गेलं, ते अमेरिकेतल्या फेडेक्स आणि यूपीएस या दोन कंपन्यांच्या जाहीर दरपत्रकांत स्पष्ट दिसतं. तिथे मापं इंच-पौंडात असतात. देशांतर्गत भाजक १९४ होता, तो २०११ मध्ये १६६ झाला. मेट्रिकमध्ये पाहिलं तर साधारण ७००० वरून ६००० वर. आंतरराष्ट्रीय पार्सलांसाठी त्याच वर्षी १३९ आला, म्हणजेच आपला ओळखीचा ५०००. तोपर्यंत रस्त्याने जाणारी लहान पार्सलं मात्र यातून सुटलेली होती. तीन घनफुटांपेक्षा लहान खोक्याला फक्त खरं वजन लागायचं. ऑनलाइन खरेदी वाढली, मोठ्या खोक्यात छोटी वस्तू आणि उरलेल्या जागेत हवेच्या पिशव्या असा माल गाड्या भरू लागला, आणि ही सूट गेली. यूपीएसने डिसेंबर २०१४च्या अखेरीस आणि फेडेक्सने १ जानेवारी २०१५ पासून रस्त्याने जाणाऱ्या सगळ्याच पार्सलांना आकाराचं वजन लावलं.

याचा परिणाम एका खोक्यावर पाहू. १६ इंच लांब, रुंद आणि उंच खोका, आत लॅम्पशेड, वजन ४ पौंड. घनफळ ४०९६ घनइंच, म्हणजे तीन घनफुटांच्या आत. २०१४ मध्ये रस्त्याने पाठवला तर बिल ४ पौंडांचं. २०१५ मध्ये १६६ ने भागून २५ पौंडांचं. फेडेक्सने २०१७ मध्ये देशांतर्गत भाजकही १३९ केला, तेव्हा ३० पौंडांचं. खोका तोच, लॅम्पशेड तीच. यूपीएसही त्याच वाटेने १३९ वर आली.

पुढचा बदल भाजकात नव्हता, म्हणून पटकन लक्षात येत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून या दोन्ही कंपन्या इंचाचा कुठलाही अपूर्णांक वरच्या पूर्ण इंचात मोजतात. आधी जवळच्या इंचात मोजत. ११.१ × ९.२ × ६.३ इंचाचं पार्सल आधी ११ × ९ × ६ धरलं जायचं आणि १३९ ने भागून ५ पौंडांचं व्हायचं. आता ते १२ × १० × ७ होतं आणि ७ पौंडांचं भरतं. दरपत्रकातला दर आणि भाजक जसेच्या तसे, तरी बिल वाढलं. इतिहासातून घ्यायचं ते हेच: बिल तीन गोष्टींवर ठरतं, भाजक, मापं आणि पूर्णांकाचा नियम. प्रत्येकीची शंका वेगळी विचारावी लागते.

आता सुरुवातीच्या खोक्याकडे येऊ. पाठवणाऱ्याच्या टेपवर तो ४२ × ३१ × २६ सेंटिमीटर आहे, वजन ३.८ किलो. करारात भाजक ५००० आहे आणि वजन वरच्या अर्ध्या किलोत धरलं जातं.

```
४२ × ३१ × २६ = ३३,८५२
३३,८५२ ÷ ५००० = ६.७७  →  ७ किलो
```

म्हणजे ७ किलोपर्यंतचं बिल करारानुसार रास्त आहे. त्याबद्दल “माल तर हलका आहे” म्हणून भांडण्यात काही हशील नाही, हा सगळ्यात कच्चा मुद्दा. वाद आहे तो वरच्या एका किलोचा. इथे हिशेब उलटा करायचा. ८ किलो लावलेत, म्हणजे भागाकार ७.५ पेक्षा जास्त आणि ८ पर्यंत असणार. त्याला ५००० ने गुणलं की कंपनीने धरलेलं घनफळ ३७,५०० ते ४०,००० यांच्या मध्ये येतं. लांबी आणि रुंदी आपलीच धरली तर उंची जवळजवळ २९ ते ३१ सेंटिमीटर हवी. २६ चा खोका तीन सेंटिमीटर उंच झाला, हे एकट्या उंचीने पटण्यासारखं नाही. मग दोन शक्यता उरतात.

पहिली, सेवा बदलली. बऱ्याच कंपन्यांचा हवाई सेवेला एक भाजक असतो आणि रस्त्याच्या सेवेला दुसरा, कधी ४५००, कधी ४०००. आपलंच घनफळ ४५०० ने भागलं तर ७.५२ येतं, म्हणजे बरोबर ८ किलो. माप कोणीही चुकवलेलं नसताना बिल वाढलं, आणि आपण मात्र टेपचे फोटो पाठवत बसलो, असं होऊ शकतं. म्हणून पहिला प्रश्न भाजकाचाच.

दुसरी शक्यता, तिन्ही बाजू थोड्या थोड्या वाढल्या. ४४ × ३३ × २७ म्हणजे ३९,२०४. भागले ५००० म्हणजे ७.८४, म्हणजे पुन्हा ८ किलो. एक-दोन सेंटिमीटर कुठून आले? हबमध्ये, म्हणजे पार्सलं वेगळी करण्याच्या केंद्रात, पट्ट्यावरून जाताना यंत्र पार्सल स्कॅन करतं आणि ते पूर्ण मावेल अशा सगळ्यात लहान चौकोनी पेटीचं माप धरतं. ठासून भरलेल्या खोक्याच्या बाजू फुगतात, वरचे पाखे नीट बसत नाहीत, प्लॅस्टिक पट्टीचं टोक बाहेर राहतं. या सगळ्याचं माप लागतं आणि ते चूक म्हणता येत नाही, कारण गाडीत तेवढी जागा खरंच जाते. चूक म्हणता येतं ते वेगळं: दोन पार्सलं चिकटून गेली आणि एकच म्हणून मोजली गेली, किंवा कोणीतरी हाताने मापं टाकताना आकडा चुकला. पहिल्या प्रकारात एक बाजू अचानक जवळपास दुप्पट दिसते, दुसऱ्यात एखादा अंक वेगळा किंवा उलटा-पालटा. सगळ्या बाजू सारख्याच किंचित वाढल्या असतील तर बहुधा खोकाच फुगलेला असतो. मऊ पिशवीतलं पार्सल तर दर वेळी वेगळं भरतं, तिथे दाद मिळणं अवघड.

त्यामुळे विचारणा एका ओळीची नको. एडब्ल्यूबी क्रमांक, म्हणजे पार्सलच्या पावतीवरचा क्रमांक, देऊन चार गोष्टी लेखी मागाव्यात: धरलेली तिन्ही मापं, ती यंत्राने घेतली की हाताने, स्कॅनची वेळ व फोटो, आणि लावलेला भाजक कराराच्या कुठल्या कलमात आहे. सोबत आपला हिशेब आणि फोटो. फोटो सीलबंद खोक्याचे हवेत, प्रत्येक बाजूला मापाची टेप लावलेली, आणि प्रत्येक फोटोत पार्सलवरचं लेबल वाचता येईल असं. लेबल नसलेला फोटो कुठल्याही खोक्याचा असू शकतो, असं उत्तर येतं आणि ते खोडता येत नाही. वाद घालायची मुदत करारात दिलेली असते आणि ती सहसा थोडीच असते. बिल महिन्याच्या शेवटी एकदम तपासायची सवय असेल तर अर्ध्या तक्रारी मुदतीबाहेर जातात. आणि एका किलोचे पैसे परत मिळाले तर त्यावर लावलेला इंधन अधिभार आणि करही परत आलाय का, हे पाहायचं. तो सुटलेला बऱ्याचदा दिसतो.

एकाच पावतीवर अनेक नग असतील तर आणखी एक प्रश्न. एक नग वजनाने १० किलो, आकाराने ४; दुसरा वजनाने २, आकाराने ७. एकूण वजन १२ आणि एकूण आकार ११, म्हणून पूर्ण पावतीवर १२ किलो लागतात. पण प्रत्येक नगाचं जास्तीचं वजन धरून बेरीज केली तर १० अधिक ७, म्हणजे १७. दोन्ही रीती चालतात, आपल्या करारात कुठली आहे ते शोधावं लागतं.

माल नियमित जात असेल तर एकेका बिलापेक्षा भाजकावरच बोलणं फायद्याचं. ५००० चा ६००० झाला की आकाराचं वजन एक षष्ठांशाने, म्हणजे जवळपास १७ टक्के कमी होतं. कंपनी बहुतेक वेळा भाजकाला हात न लावता दरात ५-१० टक्के सूट देऊ करते. कुठलं घ्यायचं हे ठरवायला मागच्या महिन्याची पार्सलं घेऊन प्रत्येकाचं वजन त्याच्या घनमीटरातल्या घनफळाने भागावं. बहुतेकांचं उत्तर २०० च्या वर असेल तर भाजक बदलून काहीच मिळणार नाही, दरातली सूट घ्यावी. आपला खोका ११२ भरतो; अशीच पार्सलं जास्त असतील तर भाजकासाठी अडून बसावं. एवढंच की किमान शुल्क आणि अर्ध्या किलोची पायरी यांमुळे १७ टक्के पूर्ण हातात पडत नाहीत.

ही पायरी खोका निवडतानाही पाहावी. ३८ × २८ × २४ चा खोका ५००० ने भागून ५.११ येतो आणि साडेपाच किलोचा होतो. उंची २३ केली की ४.८९, म्हणजे ५ किलो. तिथे एक सेंटिमीटर कापून पाखे खाली दुमडले की बिल अर्ध्या किलोने उतरतं. पायरीच्या मध्यावर असलेल्या खोक्याचं मात्र तेवढंच कापून काही हाती लागत नाही.