पडलंय तेवढंच दुरुस्त का करत नाही?
(समुद्राकाठच्या इमारतींच्या मालकांसाठी आणि सोसायट्यांसाठी माहितीपत्रक)

गंजलेल्या कॉलम-बीमच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मागायला येणारे बहुतेक जण आम्हाला सांगतात, "जेवढं पडलंय तेवढंच करा, उगाच चांगलं काँक्रीट फोडू नका." मग काम सुरू होतं, दीड फुटाचा खड्डा चार फुटांचा होतो आणि काम थांबवून मीटिंग बोलावली जाते. मीटिंग होईपर्यंत साफ केलेली सळई खाऱ्या वाऱ्यात उघडी राहते, पुन्हा तांबूस होते, आणि ती परत घासावी लागते. हा वेळ आणि खर्च दोन्ही वाचावेत म्हणून जास्त का फोडावं लागतं ते इथे सविस्तर सांगतो.

चांगलं काँक्रीट क्षारयुक्त असतं, त्याचा पीएच साधारण 12.5 ते 13 असतो. त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो टिकतो, तोवर सळई गंजत नाही. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातलं मीठ वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोहोचतं आणि हा थर जागोजागी फोडतं. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जास्त जागा लागते. तो आतून दाब देतो, सळईच्या रेषेत उभी चीर पडते आणि शेवटी खपली सुटते. म्हणजे खपली पडते तेव्हा आतला गंज बराच जुना झालेला असतो.

नुसती खपली भरली तर काय होतं, त्याचं एक उदाहरण. रत्नागिरी परिसरातल्या किनाऱ्याजवळच्या एका चार मजली इमारतीत पश्चिमेकडच्या पार्किंगमधल्या कॉलमची खपली पडली होती. गवंड्याने तेवढाच भाग साफ करून सिमेंट-वाळूने भरला आणि वर रंग मारला. दोनेक वर्षांत भरलेल्या जागेच्या वर आणि खाली नव्या चिरा आल्या. गवंड्याचा माल खराब होता, असं सगळ्यांना वाटलं. आम्ही उघडून पाहिलं तर भरलेल्या जागेतली सळई बरीचशी ठीक होती, पण तिच्या लगतची सळई चांगलीच खाल्लेली होती.

एकाच सळईचा एक भाग गंजत असतो तेव्हा शेजारचा भाग त्याच्यामुळेच सुरक्षित राहतो. दोघांमध्ये बॅटरीसारखा अगदी बारीक विद्युतप्रवाह चालू असतो. गंजलेल्या भागाला ताजं, क्षारयुक्त मॉर्टर मिळालं की तो गंजायचा थांबतो. शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये मात्र मीठ तसंच असतं, म्हणून आता गंजण्याची पाळी त्या भागावर येते. अर्धवट दुरुस्ती गंज थांबवत नाही, तो फूटभर पुढे सरकवते.

त्या कॉलममध्ये 16 मिमीची सळई सर्वात खाल्लेल्या जागी 13 मिमी भरली. तीनच मिमी गेले असं वाटतं, पण सळईची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते. ते 201 वरून 133 चौरस मिमीवर आलं होतं, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश लोखंड गेलं होतं. खड्ड्यांमध्ये काळपट-हिरवट ओलसर गंज होता, हवा लागल्यावर थोड्याच वेळात तो तपकिरी झाला. मिठाने खाल्लेल्या सळईची ही ओळखीची खूण आहे. फोडलेल्या ताज्या भागावर फिनॉल्फथॅलिन हे क्षारता तपासायचं रसायन मारलं तर काँक्रीट गुलाबी झालं, म्हणजे त्याची क्षारता शाबूत होती. गुलाबी आलं म्हणजे धोका नाही, असं काही जण सांगतात. समुद्राकाठी ते खरं धरू नका, क्षारता असूनही मीठ सळई खातं.

मीठ आलं कुठून, हे पाहायला वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी ड्रिलने काढून प्रयोगशाळेत देतात. पृष्ठभागाजवळ मीठ जास्त आणि आत कमी असेल तर ते वाऱ्यातून आलेलं असतं. सगळ्या खोलीवर सारखंच असेल तर बांधकामाच्या वेळी वाळूत किंवा पाण्यात होतं असं समजायचं. अशा इमारतीत कितीही ठिकाणी भरलं तरी दुरुस्ती कायमची होत नाही, हे आम्ही काम घेण्याआधीच सांगतो.

आमची पद्धत अशी. आधी इंजिनिअरच्या सल्ल्याने टेकू लावतो. मग पूर्ण कॉलम किंवा बीम हातोडीने ठोकून पाहतो. भक्कम काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणारा सगळा भाग खडूने आखतो आणि त्याची मापं तुमच्यासमोर लिहितो. आखलेल्या कडेने ग्राइंडरने सरळ काप घेतो, कारण कड निमुळती ठेवली तर तिथला पातळ थर लवकर सुटतो. सळईच्या मागे किमान 20 ते 25 मिमी फोडतो, म्हणजे मागची बाजूही घासता येते आणि नवं मॉर्टर सळईला सगळीकडून वेढतं. सळईच्या दिशेने गंज संपेपर्यंत जातो आणि त्यापुढे थोडं आणखी. तुम्हाला "चांगलं काँक्रीट फोडलं" असं दिसतं ते नेमकं हे.

सळई चकचकीत होईपर्यंत घासून गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतो. खड्ड्यात मीठ राहिलं तर वरून काहीही लावा, गंज पुन्हा सुरू होतो. छेद जास्त गेला असेल तर इंजिनिअर सांगेल तेवढी जादा सळई बांधतो. नंतर खोली कमी असेल तिथे पॉलिमर मॉर्टर थराथराने, आणि जास्त असेल तिथे फर्मा लावून मायक्रोकाँक्रीट. पाणी मारायला विहिरीचं मचूळ पाणी चालत नाही, टँकर मागवावा लागला तरी गोडंच घ्या.

भरण्याआधी कडेला सळईला जस्ताचे ॲनोड बांधायचा पर्याय आहे. सळईऐवजी जस्त खर्ची पडतं, त्यामुळे शेजारच्या भागाला संरक्षण मिळतं. पण त्याची पोच थोडीच असते आणि जस्त संपलं की संरक्षणही संपतं. शिवाय ते वापरायचे तर सळईवर इपॉक्सी लावायचं नाही आणि इपॉक्सी मॉर्टरने भरायचं नाही, नाहीतर प्रवाहच अडतो. समुद्राकडच्या बाजूला आम्ही ॲनोड सुचवतो, सगळीकडे नाही. शेवटी मीठ आणि ओल अडवणारा, पण आतली वाफ बाहेर जाऊ देणारा रंग पूर्ण बाजूवर देतो. हा रंग नवीन मीठ अडवतो, आत असलेलं काढत नाही. म्हणून नुसत्या रंगावर गंजाची हमी आम्ही देत नाही, इतर कोणी दिली तर ती कशाच्या आधारावर ते विचारा.

आमचा दर गवंड्याच्या दरापेक्षा जास्त असतो, कारण सळईमागे फोडणं, धुणं आणि पाणी मारणं यात मजूर आणि दिवस जातात. बिल ठोक रकमेचं नसून आखणीच्या मापानुसार होतं. फोडताना आखणीबाहेर गंज निघालाच तर त्याचा दर आधीच ठरलेला असतो. त्या जादा मापावर जागेवर सही करू शकेल असा एक सभासद नेमून ठेवा, म्हणजे मीटिंगसाठी काम अडत नाही.

आम्हाला बोलावण्याआधी पुट्टी, गिलावा किंवा रंग मारू नका. त्याखाली चिरा झाकल्या जातात आणि ठोकून आवाजही नीट कळत नाही, म्हणून तो आधी खरवडावा लागतो. ठोकून पाहणी आम्ही विनामूल्य करतो. ती पावसाळा संपताच करून घ्या, म्हणजे कोरड्या महिन्यांत काम पुरं होईल. तोवर सुटलेल्या खपल्यांखालून जाणं-येणं आणि गाड्या लावणं बंद ठेवा.