‘स्वागतगीत’ म्हणजे नेमकं कोणाचं स्वागत? अंगणवाडीतल्या सकाळच्या गोलाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात गोल करून गाणं बालशिक्षणाच्या कितीतरी आधीपासून आहे. पंचमीला बायकांचा फेर धरला जातो, एकजण ओळ सांगते आणि बाकीच्या उचलतात. त्या फेराच्या कडेला आईच्या पदराला धरून उभं असलेलं लेकरू काही न म्हणताही फेरात धरलेलंच असतं. पुस्तकी वाटेनं आलेला गोल मात्र लांबून आला. जर्मनीत १८४० च्या सुमारास ‘बालउद्यान’ ही कल्पना आणि तिच्यासोबत खेळगाणी निघाली. १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू झालं आणि १९४५ मध्ये बोर्डीच्या किनाऱ्यावर मराठी बालवाडीनं पाय रोवले. तेव्हा आपला भाग निजामी राजवटीत होता आणि शाळेची भाषा उर्दू होती. त्यामुळं किनाऱ्यावरची ती मराठी बालगाणी इकडच्या गावांत पोचायला वेळ लागला.

खरी सुरुवात १९७५ नंतरची. त्या वर्षी अंगणवाडीची योजना आली, पुढं ती टप्प्याटप्प्यानं तालुक्यांत पसरली, आणि तिच्याबरोबर वेळापत्रकात ‘स्वागतगीत’ हा शब्द आला. घोळ इथूनच आहे, आणि तो अजून पुरता निस्तरलेला नाही.

मराठी शाळेत ‘स्वागतगीत’ या शब्दाला आधीच एक पक्का अर्थ होता. पाहुणे आले, गुच्छ दिला, की चार मुली पेटीवर जे म्हणतात ते स्वागतगीत. त्यात लेकरं गातात आणि स्वागत मोठ्यांचं होतं. हा अर्थ अंगणवाडीत शिरला तेव्हा गोलाची रांग झाली, तोंडं खुर्चीकडं वळली आणि गाणं ‘ताई नमस्ते’वर येऊन थांबलं. दुसरा अर्थ हजेरीचा. सेविका नाव घेते आणि लेकरू ‘हजर’ म्हणतं, फक्त चालीवर. तिसरा अर्थ मूळ हेतूच्या जवळचा: जमलेल्या सगळ्यांनी आलेल्या एकेका लेकराचं नाव घेऊन त्याला गोलात घ्यायचं. एकाच शब्दाखाली ही तीन कामं चालतात. त्यातली पहिली दोन लाजऱ्या लेकराकडून काहीतरी मागतात, तिसरं त्याला काही न मागता देतं.

वादाचा मुद्दा हाच आहे की लेकराची पाळी आली की त्यानं बोललंच पाहिजे का? एक बाजू म्हणते, बोलायला लावल्याशिवाय भीड चेपत नाही. शाळेच्या परिपाठावर वाढलेल्यांना हे पटतं, आणि धीट लेकरांच्या बाबतीत ते खोटंही नाही. पण अडीच-तीन वर्षांच्या बुजऱ्या लेकरावर वीस जोड्या डोळे एकदम रोखले की ते गोठतं. मान खाली जाते, बोट तोंडात जातं. मग ताई ‘बोल की, मोठ्यानं बोल’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी ते लेकरू उंबऱ्यावरच आज्जीला घट्ट धरतं. नाव गटानं घ्यावं आणि लेकरानं जमेल ते करावं, ही दुसरी रीत हळू वाटते, पण टिकते. तिच्यात गाण्याची बांधणी अशी लागते:

आलंय कोण गं, आलंय कोण?
गोलामंदी आलंय कोण?
राधा आली, राधा आली,
गोलामंदी राधा आली!

इथं प्रश्न राधाला नाही, गटाला आहे. उत्तरही गटच देतो. तिचं नाव तीनदा तिच्या कानावर पडतं आणि तिच्यावर काहीच अडत नाही. घरात ‘छकुली’ म्हणत असतील तर पहिले काही दिवस छकुलीच म्हणावं. पटावरचं ‘ज्ञानेश्वरी’ तिला स्वतःचं वाटेलच असं नाही, शिवाय ते चालीतही मावत नाही. ‘ओम’ ओढून लांबवता येतो. ज्ञानेश्वरीसाठी टाळी एक मात्रा थांबवावी लागते. नाव संपल्यावर मनातल्या मनात पाच मोजेपर्यंत थांबायचं. बहुतेक वेळा चुकतं ते इथंच. पुढचं नाव लगेच येतं, आणि हात हलवायला निघालेलं लेकरू हात परत मांडीवर ठेवतं.

एका नावाला थांब्यासकट पंधरा सेकंद धरले तर पंचवीस लेकरांना सव्वासहा मिनिटं होतात. एवढा वेळ या वयाची लेकरं एका जागी बसत नाहीत. टोकाची उठतात, मदतनीस त्यांच्या मागं पळते आणि गोल फुटतो. म्हणून एका ओळीत दोन नावं घ्यावीत, किंवा निम्मी आज आणि निम्मी उद्या. मात्र बुजऱ्याचं नाव रोज घ्यावं, तिसऱ्या-चौथ्या पाळीला. पहिल्याला नमुना मिळत नाही, आणि शेवटच्याची वाट पाहण्यातच धास्ती वाढते. बसवायचं ताईच्या बाजूला, समोर नाही, कारण समोर बसलं की नजर थेट भिडते.

ऊसतोडीच्या पट्ट्यात हा प्रश्न वर्षातून दोनदा उभा राहतो. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. समजा, तीन वर्षांचा समर्थ पाच-सहा महिने कोपीवर राहून जूनमध्ये पुन्हा आला. गोल त्याला अनोळखी झालेला असतो. पहिले तीन दिवस तो आज्जीच्या मांडीवर, गोलाच्या हातभर बाहेर. गाण्यात त्याचं नाव येतं, पण कोणी वळून बघत नाही. ताईंनी तसं आधीच ठरवलेलं असतं. चौथ्या दिवशी आज्जीच गोलात बसते. आठवड्याच्या शेवटी कापडी बाहुली गोलात फिरते आणि नावाऐवजी बाहुलीला हात लावायचा असतो. तो बोटानं शिवतो. पुढच्या आठवड्यात ‘आला’ या शेवटच्या शब्दाला ओठ हलतात. आवाज त्यानंतर कधीतरी येतो. आधी पाहावं ते पायाच्या अंगठ्याकडं, ठेका तिथं आधी दिसतो. आणि आज्जीला विचारावं, कारण बहुतेकदा गाणं घरी पाठ झालेलं असतं.

तांड्यावरच्या अंगणवाडीत आणखी एक पदर आहे. घरी गोरबोली आणि गोलात पुस्तकी मराठी असली, तर गप्प बसणारं लेकरू लाजरं नसतं, त्याला शब्दच कळत नसतात. तिथं पहिली ओळ घरच्या बोलीत घेतली की फरक चार दिवसांत दिसतो. तो दिसला नाही, नावाला मानही वळत नसेल, तर गाणं बाजूला ठेवून आरोग्य पथकाकडून कान तपासून घ्यावेत. घरी भरपूर बोलतं आणि अंगणवाडीत महिनोन्‌महिने एक शब्द नाही, हे मात्र नुसतं लाजणं समजू नये. त्याला जाणकाराचा सल्ला लागतो.

२०२० च्या मार्चमध्ये अंगणवाड्या बंद झाल्या आणि नंतर जी लेकरं आली त्यातल्या अनेकांनी घराबाहेरचा घोळका पाहिलाच नव्हता. त्याच सुमारास सेविकेच्या हाती मोबाइल आला. २०२१ पासून हजेरी अ‍ॅपवर गेली, त्यामुळं गाण्यातून हजेरी घ्यायचं एक कारण खरं तर संपलं, तरी सवय राहिली. पाठोपाठ ब्लूटूथ स्पीकर आला. त्यावरची गाणी सुरात असतात, वाद्यं भरपूर असतात आणि धीट लेकरं नाचतातही. पण त्यात समर्थचं नाव येत नाही, आणि पाच मोजेपर्यंत स्पीकर थांबत नाही. तो गोल फुटताना, लेकरं पांगताना लावावा. नावाच्या गाण्याला ताईंचा आवाज पुरतो, किंचित वरच्या पट्टीत धरलेला. त्यांच्या खालच्या पट्टीपर्यंत लेकरांचा आवाज उतरत नाही.