क्वांटिटेटिव्ह ईझिंग

क्वांटिटेटिव्ह ईझिंग, सगळे शॉर्टमध्ये क्यूई म्हणतात ते, म्हणजे सेंट्रल बँकेने स्वतः नवीन पैसा तयार करून बाजारातून मोठ्या प्रमाणात लांब मुदतीचे रोखे विकत घेणं. हेतू हा की लांब मुदतीचे व्याजदर खाली यावेत, म्हणजे होमलोन, कंपन्यांची कर्जं, सरकारी कर्ज सगळंच स्वस्त व्हावं. मार्च 2001 मध्ये बँक ऑफ जपानने याची सुरुवात केली, 2008 च्या क्रायसिसनंतर अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह आणि बँक ऑफ इंग्लंड यांनी हा मार्ग धरला आणि युरोपियन सेंट्रल बँक 2015 मध्ये यात उतरली.

एरवी सेंट्रल बँक फक्त अगदी कमी मुदतीचा दर हलवते, बँका एकमेकींना एका रात्रीपुरते पैसे देतात तो. पण एका रात्रीच्या दराने कोणी घर घेत नाही, घर घेतलं जातं 20-30 वर्षांच्या कर्जावर. नॉर्मल काळात हे चालून जातं कारण छोटा दर खाली आला की लांबचा दरही थोडाफार मागोमाग येतो. 16 डिसेंबर 2008 ला फेडने आपला दर 0 ते 0.25 टक्क्यावर आणून ठेवला, आता त्याच्या खाली जायला जागाच नाही, बेरोजगारी वाढतेय, आणि लांबचे दर मात्र अजून बऱ्यापैकी वर आहेत. मग लांबच्या दरावर थेट हात घालायचा तर कसा, हा प्रश्न होता.

त्यासाठी लांबचा दर कशाचा बनलेला असतो ते बघावं लागतं. 10 वर्षांच्या सरकारी रोख्याच्या यील्डचे, म्हणजे आजच्या किमतीला तो घेतला तर वर्षाला जो परतावा पडतो त्याचे, ढोबळमानाने दोन भाग पडतात. एक भाग म्हणजे पुढच्या 10 वर्षांत छोटा दर सरासरी किती राहील याचा बाजाराचा अंदाज. दुसरा भाग म्हणजे टर्म प्रीमियम, म्हणजे इतकी वर्षं पैसे अडकवायची जोखीम घेतल्याबद्दल गुंतवणूकदार जे जास्तीचं मागतो ते. ही जोखीम खरीखुरी आहे. समजा 1,000 डॉलरचा 10 वर्षांचा रोखा आहे, त्यावर वर्षाला 3 टक्के व्याज मिळतं, आणि उद्या बाजारातला दर 4 टक्के झाला तर त्या रोख्याची किंमत साधारण 919 डॉलर होते, म्हणजे कागदावर 81 डॉलर गेले. उलट दर अडीच टक्क्यावर आला तर तोच रोखा 1,044 डॉलरला जातो. तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलात असं काही होत नाही, तीन महिने थांबलं की पूर्ण पैसे हातात. लांबच्या रोख्यातली ही चढउताराची जोखीम बाजारात कोणाला ना कोणाला सांभाळावीच लागते आणि जो सांभाळतो तो त्याचे पैसे मागतो.

क्यूईचा मुख्य हिशोब इथेच आहे. सेंट्रल बँक लांबचे रोखे घेऊन बसली की ही जोखीम बाजारातून उचलली जाते, त्या बदल्यात लोकांच्या हातात येतो जोखीम नसलेला पैसा. उरलेली जोखीम कमी, सांभाळणारे तेवढेच, मग ते प्रीमियमही कमी मागतात आणि यील्ड खाली येते. ‘नोटा छापल्या’ असं जे सर्रास म्हटलं जातं त्याने हा भाग पूर्ण झाकला जातो, आणि माझ्या मते क्यूई समजून घेताना सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

प्रत्यक्ष खरेदी कशी होते तर अमेरिकेत न्यूयॉर्क फेडचं ट्रेडिंग डेस्क आधी सांगतं की अमुक दिवशी अमुक मुदतीचे रोखे घेणार, मग प्रायमरी डीलर म्हणून मान्यता असलेल्या फर्म्स आपले भाव देतात आणि डेस्क त्यातले परवडणारे भाव घेतं. सरकारकडून थेट रोखे घेतले जात नाहीत, आधीच बाजारात फिरत असलेलेच घेतले जातात. आता धरून चालू की एका विमा कंपनीने डीलरमार्फत 10 कोटी डॉलरचे रोखे फेडला विकले. फेडच्या ताळेबंदात एका बाजूला 10 कोटीचे रोखे आले आणि दुसऱ्या बाजूला विमा कंपनीच्या बँकेच्या फेडमधल्या खात्यात 10 कोटीचे रिझर्व्ह, म्हणजे बँकांचा फेडकडे असलेला पैसा, जमा झाले, जे कुठूनही आणलेले नाहीत, नुसती एन्ट्री आहे. त्या बँकेच्या वहीत विमा कंपनीची ठेव 10 कोटीने वाढली. विमा कंपनी आधीइतकीच श्रीमंत आहे, फक्त तिच्याकडे आता 10 वर्षांच्या रोख्याऐवजी जवळपास शून्य व्याजाची ठेव पडून आहे. तिला तर 20-20 वर्षांनी द्यायचे क्लेम सांभाळायचे असतात, ठेवीवर तिचं भागणार नाही, म्हणून ती बाजारात जाऊन एखाद्या चांगल्या कंपनीचे बाँड घेते, त्या बाँडची किंमत वाढते, यील्ड घसरते, आणि ज्याने ते विकले तो पुढे आणखी काहीतरी शोधायला लागतो. अशी ही ढकलाढकली सरकारी रोख्यांपासून कंपन्यांच्या कर्जापर्यंत पोचते, निदान पोचावी अशी अपेक्षा असते.

18 मार्च 2009 चा दिवस यात बघण्यासारखा आहे. नोव्हेंबर 2008 मध्येच फेडने होमलोनवर आधारित रोखे 50 हजार कोटी डॉलरपर्यंत घेण्याचं जाहीर केलं होतं, आणि अमेरिकेतला 30 वर्षांचा होमलोन दर जो 6 टक्क्यांच्या आसपास होता तो जानेवारीपर्यंत 5 च्या आसपास आला होता. 18 मार्चला फेडने सांगितलं की होमलोनवाले रोखे आणखी 75 हजार कोटी डॉलरचे घेऊ, आणि शिवाय पुढच्या सहा महिन्यांत 30 हजार कोटी डॉलरचे लांब मुदतीचे सरकारी रोखेसुद्धा घेऊ. 10 वर्षांची यील्ड त्या एका दिवसात 3 टक्क्यांच्या आसपासवरून अडीचपर्यंत आली, जवळपास अर्धा टक्का. रोख्यांच्या बाजारात एका दिवसात एवढी हालचाल क्वचितच होते. आणि तोवर सरकारी रोख्यांच्या त्या 30 हजार कोटींपैकी एक डॉलरचीही खरेदी झालेली नव्हती, ती पुढच्या आठवड्यात सुरू झाली. कारण बाजार आजच किंमत लावतो, उद्या एवढे रोखे बाजारातून जाणार हे कळलं की कोणी जुन्या भावाला विकायला तयार होत नाही. म्हणून परिणाम मोजायचा तर घोषणेच्या आसपासचा एक-दोन दिवसांचा काळ बघतात. न्यूयॉर्क फेडने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार अर्थतज्ज्ञांनी त्या पहिल्या फेरीतल्या आठ घोषणांचा असा हिशोब केला तेव्हा 10 वर्षांच्या यील्डमधली एकत्र घसरण 0.91 टक्का निघाली.

पण यात एक गुंता आहे. त्याच 18 मार्चच्या निवेदनात फेडने असंही लिहिलं की छोटा दर प्रदीर्घ काळ खूप खालीच राहील. मग यील्ड पडली ती टर्म प्रीमियम कमी झाल्यामुळे की लोकांनी पुढच्या छोट्या दरांचा अंदाजच खाली आणला म्हणून? या दुसऱ्या कारणाला सिग्नल म्हणतात, सेंट्रल बँक एवढे रोखे घेऊन बसलीय म्हणजे लवकर दर वाढवणार नाही असा लोकांनी काढलेला अर्थ. ओळखायची एक खूण अशी की सिग्नलचा भाग मोठा असेल तर दोन वर्षांचे दरही चांगलेच पडायला हवेत, आणि प्रीमियमचा असेल तर घसरण लांब टोकाला जास्त दिसायला हवी. त्या चौघांच्या मते मोठा वाटा प्रीमियमचा होता, दुसऱ्या काही अभ्यासकांनी सिग्नलला जास्त वजन दिलं, हा वाद पूर्ण मिटलेला नाही. काय विकत घेता यानेही फरक पडतो. नोव्हेंबर 2010 च्या दुसऱ्या फेरीत फेडने 60 हजार कोटी डॉलरचे फक्त सरकारी रोखे घेतले तेव्हा होमलोनच्या दरांवर पहिल्या फेरीइतका परिणाम दिसला नाही.

आणखी एक फसगत होते ती चार्ट बघताना. 2009 च्या जूनपर्यंत तीच 10 वर्षांची यील्ड 4 टक्क्यांच्या जवळ गेली, फेड रोखे घेतच होती तरी. यावरून ‘क्यूई फेल गेलं’ असं म्हणणारे बरेच निघाले, पण ते बरोबर नाही, कारण त्या काळात मंदी संपत असल्याच्या आशा वाढल्या, घाबरून सरकारी रोख्यात दडलेला पैसा बाहेर पडला आणि सरकारही भरपूर नवीन कर्ज काढत होतं. खरा प्रश्न असा असतो की खरेदी नसती तर यील्ड कुठे असती, आणि ते चार्टवर दिसत नाही.

मर्यादाही आहेत आणि त्या कमी लेखू नयेत. दर पडला म्हणजे कर्ज मिळालंच असं नाही. 2009 नंतर अमेरिकेत लाखो लोकांच्या घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली होती, त्यांना कमी दराने कर्ज बदलून द्यायला बँका तयार नव्हत्या, म्हणजे ज्यांना गरज जास्त त्यांच्यापर्यंतच फायदा पोचला नाही. शिवाय ज्यांच्याकडे आधीच रोखे आणि शेअर आहेत त्यांची संपत्ती पहिल्यांदा वाढते ही टीका मला रास्त वाटते. बाहेर पडणंही सोपं नाही. 22 मे 2013 ला फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी नुसतं म्हटलं की पुढच्या काही बैठकांमध्ये खरेदीचा वेग कमी करू शकतो, तेव्हा महिन्याला 8,500 कोटी डॉलरची खरेदी चालू होती आणि ती चालूच राहिली, तरी 10 वर्षांची यील्ड 2 च्या आसपासवरून सप्टेंबरपर्यंत 3 टक्क्यांच्या जवळ गेली. घोषणेने जे खाली येतं ते घोषणेने वरही जातं.

यातली सेंट्रल बँकेची स्वतःची जोखीम दिसली ती 2022 नंतर. 2008 च्या आधी फेडचा ताळेबंद सुमारे 90 हजार कोटी डॉलरचा होता, कोविडमधल्या खरेदीनंतर तो 9 लाख कोटींच्या जवळ पोचला. बाजारातून उचललेली दरवाढीची जोखीम आता तिच्याकडेच होती. महागाईमुळे दर झपाट्याने वाढवावे लागले तेव्हा रिझर्व्हवर बँकांना द्यायचं व्याज वाढलं, आणि हातातले जुने रोखे मात्र दोन-अडीच टक्केच देत होते. 2023 मध्ये फेडला 11 हजार कोटी डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला. यामुळे फेड बुडत नाही, हा तोटा ती वहीत पुढे ओढते, पण एरवी दरवर्षी सरकारी तिजोरीत जाणारा नफा तो भरून निघेपर्यंत बंद राहतो.