सोलापूरच्या सिमेंट बाजाराची हद्द कुठे संपते?

होटगी रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानांवर सिमेंटच्या पाट्या आजही पूर्वीइतक्याच दिसतात. पाट्यांमागचे मालक मात्र कमी झाले आहेत. एसीसी आणि अंबुजा 2022 मध्ये अदानी समूहाकडे गेल्या. चित्तापूर तालुक्यात कारखाना असलेली ओरिएंट सिमेंट 2025 मध्ये अंबुजाने घेतली. सेडमचा वासवदत्ता कारखाना ज्या केसोरामचा होता, तिचा सिमेंट व्यवसाय अल्ट्राटेककडे गेला आणि त्या व्यवहाराला बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने 2024 मध्ये मंजुरी दिली. वाडी, मळखेड, सेडम, चित्तापूर ही सगळी गावे गुलबर्ग्याच्या चुनखडीच्या पट्ट्यातली, आणि सोलापुरात येणारा बराचसा माल याच पट्ट्यातून अक्कलकोटमार्गे येतो. मग सोलापुरात सिमेंट विकणारे आता फारच थोडे उरले, असे म्हणायचे का? आणि हे ठरवायचे कसे? आयोगाकडे त्यासाठी आकडे आहेत, पण त्या आकड्यांचा इतिहास मुंबई-दिल्लीत नव्हे, तर अमेरिकेच्या जनगणना खात्यात सुरू होतो.

1930 च्या दशकात अमेरिकेत उद्योगांची गणना होत असे. कोणत्या उद्योगात किती उत्पादन मोजक्यांच्या हातात आहे हे सरकारला जाणून घ्यायचे होते, पण एकेका कंपनीचे आकडे गुप्त ठेवण्याचे बंधन होते. एका कंपनीचा वाटा छापला तर गुपित फुटते. दोघींचा एकत्र छापला तरी दुसरी कंपनी आपला वाटा वजा करून पहिलीचा काढू शकते. म्हणून सर्वांत मोठ्या चार कंपन्यांची बेरीज छापायची पद्धत रूढ झाली. त्याला चार कंपन्यांचे केंद्रीकरण गुणोत्तर म्हणतात. ‘चार’ हा आकडा कुठल्या अर्थशास्त्रीय सिद्धांतातून आलेला नाही, तो कारकुनी सोयीतून आलेला आहे. तरीही त्याने पुढची चाळीस वर्षे राज्य केले. 1968 च्या अमेरिकी विलीनीकरण मार्गदर्शिकेत वरच्या चार कंपन्यांचा वाटा 75 टक्के किंवा जास्त असला की बाजार अतिशय केंद्रित धरला जाई, आणि तिथे 4 टक्के वाट्याच्या कंपनीने दुसरी 4 टक्क्यांची कंपनी घेतली तरी सरकार सहसा आडवे येई.

आपल्याकडेही तेव्हा हाच विचार चालू होता, फक्त आपण तिघांची बेरीज घेतली. न्यायमूर्ती के. सी. दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या मक्तेदारी चौकशी आयोगाने 1965 च्या अहवालात वस्तूवार हिशेब मांडला. वरच्या तीन उत्पादकांचा वाटा 75 टक्के किंवा जास्त असेल तर केंद्रीकरण तीव्र, 60 ते 75 असेल तर मध्यम, 50 ते 60 असेल तर सौम्य. त्यातून पुढे मक्तेदारीला आळा घालणारा 1969 चा एमआरटीपी कायदा आला. त्यात ‘वरचढ’ उपक्रम कोणता हे बाजारातल्या वाट्यावरून ठरे, आधी एक तृतीयांश आणि नंतर एक चतुर्थांश. आता या कायद्याकडे पाहिले की जाणवते, की त्यात मोठे असणे हाच जवळजवळ गुन्हा होता. 2002 च्या स्पर्धा कायद्याने ते सोडून दिले. वरचढ कंपनीसाठी त्यात कुठलाही टक्का लिहिलेला नाही, आणि वरचढ असणे नव्हे तर त्या स्थितीचा गैरवापर बेकायदा आहे.

चौघांच्या बेरजेत मोठी खोट आहे आणि ती कागदावर दोन ओळींत दिसते. हे आकडे केवळ उदाहरणापुरते. एका बाजारात पाच विक्रेते आहेत, प्रत्येकाचा वाटा 20 टक्के. दुसऱ्या बाजारात एकाचा वाटा 65 टक्के आणि उरलेल्या सात जणांचा प्रत्येकी 5. दोन्हीकडे वरच्या चौघांची बेरीज 80 येते. पण पहिल्या बाजारात तोडीस तोड पाच जण आहेत, आणि दुसऱ्यात एक पाटील आणि बाकी सगळे त्याच्या वाड्याकडे बघून भाव लावणारे.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज घ्यायची. वर्ग केला की मोठा वाटा फुगतो आणि छोटा जवळजवळ नाहीसा होतो. पहिल्या बाजारात पाच वेळा 400, म्हणजे 2,000. दुसऱ्यात 65 चा वर्ग 4,225 आणि सात वेळा 25, म्हणजे एकूण 4,400. एकच विक्रेता असेल तर 10,000. याला हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक किंवा नुसते एचएचआय म्हणतात. या नावामागे एक गंमत आहे. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1945 मध्ये देशांच्या परराष्ट्र व्यापाराबद्दल लिहिताना हे माप मांडले, फक्त शेवटी वर्गमूळ घेतले. ओरिस हर्फिंडाल यांनी 1950 मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोलाद उद्योगावरच्या प्रबंधात ते पुन्हा वापरले, वर्गमूळाशिवाय. लोक त्याला कधी हर्फिंडालचे, तर कधी ज्यांचा संबंधच नाही अशा इटालियन संख्याशास्त्रज्ञ जिनींचे म्हणू लागले, तेव्हा 1964 मध्ये हर्शमन यांनी पितृत्वाचा दावा करणारे एक छोटे टिपण छापून आणले.

अमेरिकी न्याय खात्याने 1982 मध्ये चौघांची बेरीज सोडून हा निर्देशांक स्वीकारला. 1,000 च्या खाली बाजार विखुरलेला, 1,800 च्या वर अतिशय केंद्रित. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विलीनीकरणाने निर्देशांक किती वाढतो हे बघणे, आणि ती वाढ काढायला सगळ्या बाजाराचे आकडे लागतही नाहीत. दोन कंपन्यांच्या वाट्यांचा गुणाकार करून दुप्पट केली की झाले. 2010 मध्ये या मर्यादा सैल करून वरची रेषा 2,500 वर नेली होती, 2023 मध्ये ती परत 1,800 वर आली, आणि 100 हून अधिक वाढ असेल तर व्यवहार संशयास्पद मानायचा असे ठरले. आपला स्पर्धा आयोग हे आकडे पाहतो, पण आपल्या कायद्यात अशी रेषा आखलेली नाही. कलम 20(4) मध्ये नव्या कंपनीला येणे किती सोपे, बाहेरून माल येतो का, खरेदीदारांचा जोर किती, अशा गोष्टींची यादी आहे आणि बाजारातले केंद्रीकरण हा त्यातला एक मुद्दा आहे.

इथपर्यंतचे गणित शाळकरी आहे. खरी मारामारी टक्के कशाचे काढायचे यावर होते. सोलापुरी चादर किंवा टॉवेल घ्या. वजनाच्या मानाने किंमत बरी, त्यामुळे माल देशभर जातो आणि बाहेरचाही इथे येतो. म्हणून फक्त सोलापूर हा टॉवेलचा बाजार धरणे हास्यास्पद होईल. सिमेंटचे उलटे आहे. माझे मामा घरबांधणीचे ठेके घेतात. त्यांना विचारले तर म्हणाले, “लांबचा माल चांगला असला तरी घेऊन काय करू? पोत्यामागं भाडंच एवढं बसतंय की त्यात आपला नफा जातोय.” कायद्याच्या कलम 19(6) मध्ये बाजाराची भौगोलिक हद्द ठरवताना वाहतूक खर्च बघायला सांगितले आहे. मामांचे म्हणणे तेच आहे.

आता पुन्हा उदाहरणापुरते आकडे. समजा, सोलापूर परिसरात सात विक्रेते आहेत आणि त्यांचे वाटे 30, 20, 15, 12, 10, 8 आणि 5. निर्देशांक 1,858. तीस टक्केवाल्याने दहा टक्केवाल्याला घेतले तर वाढ 30 गुणिले 10 ची दुप्पट, म्हणजे 600, आणि निर्देशांक 2,458 वर. 1,800 च्या मोजपट्टीने धोक्याची घंटा. पण त्याच दोन कंपन्यांचे वकील म्हणतील की बाजार सोलापूर नाहीच, महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण मिळून एक बाजार आहे. तिथे त्यांचे वाटे समजा 14 आणि 2 असतील, तर वाढ फक्त 56. कंपन्या त्याच, पोती तीच, फक्त नकाशावरची रेघ सरकली.

ही रेघ कुठे ओढायची यासाठी 1973 मध्ये केनेथ एल्झिंगा आणि थॉमस होगार्टी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक कसोटी सुचवली. एक भाग निवडायचा आणि दोन प्रश्न विचारायचे. तिथे खपणाऱ्या मालापैकी किती तिथेच तयार होतो? आणि तिथे तयार होणाऱ्यापैकी किती तिथेच खपतो? दोन्ही उत्तरे किमान 75 टक्के, आणि कडक मोजायचे तर 90 टक्के आली, तर तो भाग स्वतंत्र बाजार. सोलापूर जिल्हा पहिल्याच प्रश्नाला अडकतो, कारण इतका माल सीमेपलीकडून येतो. मग गुलबर्गा जोडायचा. आता पहिला प्रश्न सुटतो, पण दुसरा अडतो, कारण त्या पट्ट्यातले कारखाने पुण्याकडे आणि हैदराबादकडेही माल पाठवतात. मग तेही जोडा. असे करत हद्द फुगत जाते आणि निर्देशांक घसरत जातो.

या कसोटीचा दोष असा की ती आजच्या भावाने आज कोण कुठे माल नेतो तेवढेच बघते. उद्या सोलापुरात भाव वाढला तर आणखी माल येईल का, हे तिला कळत नाही. त्यासाठी 1982 च्याच मार्गदर्शिकेने दुसरा प्रश्न पुढे आणला: या भागातले सगळे कारखाने एकाच मालकाचे असते आणि त्याने भाव 5 टक्के चढवला, तर गिऱ्हाईक बाहेर पळेल की तिथेच राहील? पळणार असेल तर हद्द वाढवायची, नसेल तर थांबायचे. उत्तर काढायला वेगवेगळ्या अंतरावरचे भाडे आणि दुकानदारांची बिले तपासावी लागतात, आणि ते काम वेळखाऊ आहे.

आपल्याकडे ही रेघ किती निर्णायक ठरते हे लाफार्ज आणि होल्सिम या दोन जागतिक कंपन्यांच्या विलीनीकरणात दिसले. एसीसी आणि अंबुजा तेव्हा होल्सिमच्या ताब्यात होत्या. संपूर्ण देश हा बाजार धरला असता तर फारसे काही दिसले नसते. आयोगाने एल्झिंगा-होगार्टी कसोटी लावून पूर्वेकडच्या राज्यांचा वेगळा बाजार धरला आणि 2015 मध्ये लाफार्जने झारखंडचा जोजोबेरा आणि छत्तीसगडचा सोनाडीह हे दोन कारखाने विकावेत अशी अट घातली. गिऱ्हाईकही मिळाले होते. पण त्याच सुमाराला खाणकायदा बदलला आणि लिलावाशिवाय मिळालेले चुनखडीचे खाणपट्टे कारखान्याबरोबर दुसऱ्याच्या नावावर करता येईनात. कारखाना आहे पण चुनखडी नाही, असा सौदा कोण करणार? शेवटी 2016 मध्ये अट बदलून लाफार्जचा भारतातला सगळा सिमेंट व्यवसाय, म्हणजे खाणपट्टे ज्या कंपनीच्या नावावर होते ती कंपनीच विकायची असे ठरले, आणि ती निरमाने सुमारे 140 कोटी डॉलरला घेतली.

निर्देशांक कमी म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. 2012 मध्ये आयोगाने 11 सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल मिळून सुमारे 6,300 कोटी रुपये दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. देशपातळीवर त्या धंद्यात एकही कंपनी वरचढ नव्हती, वाटे बरेच विखुरलेले होते. संगनमताला मात्र मोठा वाटा लागत नाही. एकमेकांचे भाव आणि उत्पादन दिसत राहिले की पुरते. वर्गांच्या बेरजेत हे पकडले जात नाही. अकरा वेगळे मालक तिथे अकराच मोजले जातात, मग ते एकमेकांशी बोलत असोत वा नसोत.