फंड वर, खातं खाली: परताव्याच्या दोन मापांची गोष्ट

सांगलीतला एक हळद उत्पादक धरू. त्याने पहिल्या वर्षी चाचपून बघायला म्हणून एका फंडात एक लाख टाकले. युनिटचा भाव १०० होता, त्याला १,००० युनिट मिळाले. वर्षभरात भाव १५० झाला. त्याच सुमारास सौद्यात हळदीला चांगला दर लागला, आडत्याची पट्टी हातात आली आणि गडी खूश होऊन त्याने आणखी सहा लाख घातले: ४,००० युनिट. पुढच्या वर्षी भाव १२० वर उतरला.

फंडाच्या पत्रकात दोन वर्षांचा परतावा वार्षिक साडेनऊ टक्के दिसतो. याच्या खात्यात मात्र सहा लाख आहेत, आणि घातले होते सात. पत्रक खोटं नाही. १०० चे १२० खरोखरच झाले. फक्त त्या वाढीवर याचा एकच लाख बसला होता. उरलेले सहा लाख नुसत्या उतरणीलाच गाडीत चढले.

हा घोळ जुना आहे. अमेरिकेत पेन्शन फंडांचे पैसे सांभाळणाऱ्यांना कोणत्या मापाने तोलायचं, हा प्रश्न १९६० च्या दशकात ऐरणीवर आला. वर्गणी कधी भरायची हे कंपनी ठरवणार, मग तिच्या वेळेचं खापर व्यवस्थापकावर का? पीटर डिट्झ यांनी १९६६ मध्ये यावर पुस्तक लिहिलं, आणि १९६८ मध्ये तिथल्या बँक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन इन्स्टिट्यूटच्या अहवालाने कालभारित परताव्याची शिफारस केली. त्यात पैसा आला-गेला की तिथे काळ तोडायचा, प्रत्येक तुकड्याचा परतावा काढायचा आणि ते एकमेकांना गुणायचे. इथे १.५ गुणिले ०.८, म्हणजे १.२. रक्कम किती होती, हे कुठेच येत नाही. म्युच्युअल फंडात हे आपोआप होतं, कारण नवा पैसा नवे युनिट घेतो, जुन्यांच्या भावाला धक्का लागत नाही. आपल्याकडे पोर्टफोलिओ मॅनेजमेंटवाल्यांनाही सेबीने २०२० पासून हीच पद्धत लावली.

रक्कमभारित परतावा उलट विचारतो: कोणत्या एका दराने हे सगळे हप्ते आजच्या शिलकीपर्यंत पोचतात? एक्सेलमध्ये तारखा आणि रकमा मांडायच्या, घातलेले पैसे उणे, आजची किंमत अधिक:

```
=XIRR(B2:B4, A2:A4)
```

आपल्या शेतकऱ्याचं उत्तर येतं वर्षाला जवळपास उणे १२.७ टक्के.

या आकड्यावरून व्यवस्थापकाला मात्र झोडपू नये. सहा लाख कधी घालायचे, हे त्याने ठरवलं नव्हतं. (खासगी इक्विटीत पैसा कधी मागवायचा ते व्यवस्थापकच ठरवतो, म्हणून तिथे रक्कमभारित मापही लागतं.) आणि महिना-दोन महिन्यांच्या गुंतवणुकीवर XIRR बघू नका. चार टक्क्यांची मासिक वाढ ते वर्षाच्या हिशेबाने साठ टक्के करून दाखवतं.